दिव्याचा आरसा : जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

बाथरूमसाठी दोन बाय तीन फुटांचा साधा आरसा साधारण दीड-दोन हजारांत मिळतो. त्याच मापाचा, काचेवर बोट टेकवताच उजळणारा, उजेड कमी-जास्त होणारा आणि 'वाफ धरत नाही' असे सांगितला जाणारा आरसा घ्यायचा तर त्याच्या तिप्पट-चौपट पैसे सहज पडतात. घेण्याआधी काही समजुती तपासून पाहाव्यात.

गैरसमज : अँटी-फॉग आरशावर वाफ धरतच नाही.

वस्तुस्थिती : अशा बहुतेक आरशांच्या काचेवर कसलाही लेप नसतो. मागच्या बाजूला एक पातळ हीटिंग पॅड चिकटवलेले असते. बाथरूममधल्या दमट हवेपेक्षा काच पुरेशी थंड असेल, तर वाफेचे बारीक थेंब तिच्यावर जमतात. पॅड काच थोडी गरम ठेवते, म्हणून थेंब जमत नाहीत.

पण पॅड असते तेवढ्याच भागात. दोन बाय तीन फुटांच्या आरशामागे 30 बाय 50 सेंटिमीटरचे पॅड असेल, तर चेहऱ्यापुरता चौकोन स्वच्छ राहतो आणि उरलेली सत्तर टक्के काच धूसरच दिसते. त्यात काच तापायला वेळ लागतो. नाशिकच्या थंडीत काच 16 अंशांवर आहे आणि गरम शॉवरनंतरची हवा 26 अंशांची, भरपूर दमट आहे असे धरा. वाफ टाळायला काच 24 अंशांच्या वर जायला हवी. 30 वॉटच्या पॅडला 5 मिलिमीटरची काच आठ अंशांनी तापवायला साधारण दहा मिनिटे लागतात. म्हणजे आंघोळीला जाण्याआधीच बटण दाबायला हवे. अंग पुसताना दाबले तर उपयोग उशिरा कळतो. काही आरशांत पॅड दिव्याबरोबरच चालू होते, काहींत त्याचे बटण वेगळे असते. वेगळे असलेले सोयीचे.

गैरसमज : हीटर म्हणजे विजेचे बिल वाढणार.

वस्तुस्थिती : तेच 30 वॉटचे पॅड रोज 40 मिनिटे चालवले तर महिन्याला 0.6 युनिट जाते. 24 वॉटचे दिवे रोज दोन तास लावले तर दीड युनिटाच्या आत. दोन्ही मिळून महिन्याला दोन युनिटे. खर्चाची काळजी बिलाची नाही, दुरुस्तीची करावी.

गैरसमज : आरशातच दिवे आहेत, म्हणजे चेहरा नीट दिसणारच.

वस्तुस्थिती : दिव्याची पट्टी कुठे आहे त्यावर ते ठरते. पट्टी काचेमागे भिंतीकडे तोंड करून असेल तर उजेड भिंतीवर पडतो. आरशाभोवती सुंदर वलय दिसते, पण दाढी करताना हनुवटीखाली अंधारच राहतो. काचेच्या कडेला दुधी पट्ट्या असतील आणि त्यातून उजेड थेट समोर येत असेल, तर चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या उजळतात. दुकानात आरसा लावून, समोर उभे राहून पाहा. डिमरचा खरा फायदा रात्री होतो. मंद उजेडात डोळे दिपत नाहीत. मात्र उजेड कमी केल्यावर मोबाइलचा कॅमेरा आरशावर धरा. पडद्यावर ठळक पट्टे सरकताना दिसले, तर दिवा लुकलुकतो आहे. काहींना त्याने डोळ्यांवर ताण येतो.

गैरसमज : एलईडी पन्नास हजार तास चालतात, म्हणजे आरसाही तितका टिकतो.

वस्तुस्थिती : ते आयुष्य एलईडीच्या दाण्यांचे सांगितलेले असते. त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर आणि टच सेन्सरचा छोटा बोर्ड ओलसर, बंद जागेत आधी दगावतात. टचच्या जागी पाण्याचा ओघळ आला तर दिवा आपोआप चालू-बंद होणे हेही नेहमीचेच. काचेमागचे दिवे कमी व्होल्टेजचे असले, तरी ड्रायव्हरला आणि अनेकदा पॅडलाही 230 व्होल्टचा पुरवठा असतो. म्हणून अर्थिंग, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि ओलावा न शिरू देणारे, किमान आयपी44 दर्जाचे बांधकाम हवेच. ड्रायव्हर बाजारात सुटा मिळतो का आणि आरसा उतरवून तो बदलता येतो का, हे विक्रेत्याला आधी विचारा. सगळे चिकटवून बंद केलेले असेल तर एका बिघाडात पूर्ण आरसा जातो.

मग घ्यावा का? बादलीने कोमट पाण्याची आंघोळ होत असेल, तर आरशावर वाफ फारशी येतच नाही. पॅडचे पैसे वाया जातात. बंद बाथरूममध्ये रोज गरम शॉवर असेल, तर आधी एक्झॉस्ट फॅन बसवा आणि हवा आत यायला दाराखाली फट ठेवा. फॅन दमट हवाच बाहेर काढतो, त्यामुळे आरशाबरोबर भिंतीही कोरड्या राहतात. एवढे करूनही वाफ येत असेल, तरच पॅडचा आरसा घ्या. पैसे घालायचेच असतील तर समोरून येणाऱ्या चांगल्या उजेडासाठी आणि सुट्या मिळणाऱ्या ड्रायव्हरसाठी घाला.