बहात्तरच्या वेगात फ्लॅशला दोन ठोक्यांची सवड

हौशी लोक ज्या छोट्या निळ्या बोर्डावर प्रयोग करतात, त्यावर बहुतेक वेळा STM32F103 ही चिप बसवलेली असते. एसटी कंपनीची ही मालिका २००७ मध्ये बाजारात आली. वीज मिळताच चिपचं काम ८ मेगाहर्ट्झवर सुरू होतं, म्हणजे सेकंदाला ऐंशी लाख ठोके. तिचा कमाल वेग मात्र ७२ मेगाहर्ट्झ आहे. तो गाठायला बाहेरून ७२चा क्रिस्टल लावत नाहीत. बोर्डावर ८चाच क्रिस्टल असतो आणि चिपमधलं पीएलएल नावाचं सर्किट त्याची नऊपट करतं.

पीएलएलमुळे ठोके नऊपट होतात, पण फ्लॅश मेमरी होती तेवढ्याच वेगाची राहते. अडचण इथेच आहे.

आपला प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये साठवलेला असतो आणि प्रोसेसर तिथूनच एकेक सूचना उचलतो. फ्लॅशमधला प्रत्येक बिट म्हणजे एका ट्रान्झिस्टरच्या बंदिस्त थरात अडकवलेला विद्युतभार. तो वाचताना त्या ट्रान्झिस्टरमधून किती प्रवाह वाहतो हे पाहावं लागतं. हा प्रवाह अगदी क्षीण असतो आणि त्याला एका लांबलचक तारेवरचा दाब हलवायचा असतो. तो पुरेसा हलला की टोकाला बसलेला संवेदक ‘शून्य’ की ‘एक’ ते ठरवतो. क्लॉक कितीही वाढवला तरी या प्रवाहाचा जोर वाढत नाही.

आता हिशेब पाहू. ८ मेगाहर्ट्झवर दोन ठोक्यांमध्ये १२५ नॅनोसेकंदांचं अंतर असतं, त्यामुळे वाचन आरामात उरकतं. चिपच्या माहितीपुस्तिकेत २४ मेगाहर्ट्झपर्यंत एकही वेट स्टेट नको, ४८पर्यंत एक हवी आणि ७२पर्यंत दोन हव्यात असं दिलेलं आहे. वेट स्टेट म्हणजे वाचनाला दिलेला एक जादा ठोका. २४वर एक ठोका सुमारे ४१.७ नॅनोसेकंदांचा, ४८वर दोन ठोके मिळून तेवढेच आणि ७२वर तीन ठोके मिळूनही तेवढेच! तिन्ही मर्यादांवर फ्लॅशच्या वाट्याला एकच मुदत येते. मला हा तक्ता फार आवडतो. वरवर मनमानी वाटणारे आकडे भागाकार करताच एका जागी येऊन मिळतात.

ही सवड आपोआप मिळत नाही, प्रोग्रॅममध्ये सांगावी लागते आणि तीही वेग वाढवण्याआधी. पीएलएल सुरू होऊन स्थिरावला आणि इतर बसचे विभाजक लावून झाले, की शेवटच्या ओळी अशा असतात:

```c
FLASH->ACR = (FLASH->ACR & ~FLASH_ACR_LATENCY) | 2;
while ((FLASH->ACR & FLASH_ACR_LATENCY) != 2) {}
RCC->CFGR = (RCC->CFGR & ~RCC_CFGR_SW) | RCC_CFGR_SW_PLL;
```

पहिली ओळ दोन वेट स्टेट मागते, दुसरी त्या लागू झाल्याची खात्री करते आणि तिसरी प्रोसेसरला ७२वर नेते. वेग उतरवताना क्रम उलटा: आधी क्लॉक कमी करायचा, मग वेट स्टेट.

सवड दिलीच नाही, तर संवेदकाचा निर्णय व्हायच्या आत प्रोसेसर उत्तर उचलून मोकळा होतो. बिट चुकतो आणि भलतीच सूचना हाती येते. ती निरर्थक असेल तर चिप HardFault मध्ये अडकते. ती अर्थपूर्ण निघाली तर जास्त घातक, कारण प्रोग्रॅम चुकीच्या वाटेने बिनदिक्कत चालत राहतो. दोनऐवजी एकच वेट स्टेट दिली, तर टेबलावर सगळं सुरळीत दिसूही शकतं. पेटी तापली किंवा पुरवठ्याचा दाब उतरला की मगच गडबड सुरू होते. ओळखायची खूण अशी: तोच प्रोग्रॅम ८वर नीट चालतो, क्लॉक बदलण्याच्या ओळीनंतर कुठेही कोसळतो आणि रीसेट करून फ्लॅश तपासली तर मजकूर जसाच्या तसा सापडतो. मेमरी बिघडलेली नसते, तिला वेळ कमी पडलेला असतो.

मग प्रत्येक सूचनेला तीन ठोके लागत असतील, तर ७२चा उपयोग काय? फ्लॅश एका वाचनात ६४ बिट देते, म्हणजे १६ बिटांच्या चार सूचना एकदम. त्या वापरात असताना प्रीफेच बफर पुढचे ६४ बिट मागवून ठेवतो. एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटून तयार असावी तसं. सरळ ओळीने चालणाऱ्या छोट्या सूचनांना त्यामुळे वाट पाहावी लागत नाही. सूचना ३२ बिटांच्या असतील तर मात्र एका वाचनात दोनच मिळतात आणि पुरवठा अपुरा पडतो. उडी घेणारी सूचना आली, की मागवून ठेवलेलं बहुधा वाया जातं आणि नव्या पत्त्यासाठी पुन्हा पूर्ण मुदत मोजावी लागते.

म्हणूनच क्लॉक २४वरून ७२वर नेला, तरी उड्यांनी भरलेला प्रोग्रॅम तिप्पट वेगाने धावत नाही. रिकामी आवर्तनं मोजून वेळ काढणारी फंक्शन्सही यामुळे चुकतात. तिथे टायमरच वापरावा. आणि एखादा छोटा भाग खरोखरच पूर्ण वेगाने चालवायचा असेल, तर सुरुवातीलाच तो रॅममध्ये उतरवून पाहतात, कारण या चिपची रॅम ७२वरही एकही वेट स्टेट मागत नाही.