दीडशे रुपयांचं वर्तुळ

अंबरनाथ पूर्वेला घरातल्या घरात आई ब्लाउज शिवते आणि तिचं इन्स्टाग्राम पेज तुम्ही सांभाळता, असं समजू. पेजवर ओळखीचेच दोन-अडीचशे फॉलोअर्स. लग्नसराई तोंडावर आलीय, म्हणून आईने हजार-बाराशे रुपये हातात ठेवले आणि म्हणाली, "बघ काय ती जाहिरात करून." म्हणजे दिवसाला दीडशे रुपये, तेही एकच आठवडा. हे पैसे वाया गेले, तर पुन्हा मागायची सोय नाही.

अशा वेळी बहुतेक जण पोस्टखालचं निळं Boost post बटण दाबतात. संध्याकाळपर्यंत शंभरेक लाइक येतात, घरात सगळे खूश. पण लाइक देणारा माणूस कापड घेऊन दारात येईलच असं नाही. म्हणून थोडा वेळ काढा आणि लॅपटॉपवर Ads Manager उघडा. तिथे तुमचे पैसे कुठे जातात ते दिसतं आणि ठरवताही येतं.

आधी नकाशा

छोट्या बजेटची सगळ्यात मोठी गळती लोकेशनमध्ये असते. तुम्ही जागा म्हणून Ambernath असं शहराचं नाव टाकता, तेव्हा त्याच्याभोवती आपोआप मोठं वर्तुळ लागतं. ते बऱ्याचदा 40 किलोमीटरचं असतं. अंबरनाथपासून 40 किलोमीटर म्हणजे ठाणे आलं, नवी मुंबई आली आणि थेट अंधेरीसुद्धा आली. ब्लाउज शिवायला अंधेरीहून अंबरनाथला कोण येणार? शहराचं नाव ठेवून वर्तुळ लहान करायला गेलात, तर ते 17 किलोमीटरच्या खाली जात नाही. म्हणजे कल्याण-डोंबिवली आत राहणारच.

उपाय सोपा आहे. शहराचं नाव काढा, Drop pin वापरून नकाशावर आपल्या घराजवळ पिन टाका आणि वर्तुळ चार किलोमीटरचं करा. पिनला अगदी एक किलोमीटरपर्यंत खाली येता येतं. अंबरनाथ स्टेशनभोवती चार किलोमीटर घेतलेत, तर पूर्व-पश्चिम दोन्ही आणि उल्हासनगरचा कॅम्प 4-5 कडचा बराच भाग आत येतो. बदलापूर स्टेशन मात्र बाहेर राहतं. तिथलं गिऱ्हाईक हवं असेल तर दुसरी पिन लागेल. पण पहिल्या आठवड्यात तो मोह टाळा.

एक गोष्ट मात्र नकाशा सोडवू शकत नाही. हे लोकेशन त्या भागात राहणाऱ्यांसोबत नुकतेच तिथे येऊन गेलेल्यांनाही धरतं. आपल्या भागातून तर कर्जत-खोपोली लोकल दिवसभर धावतात, त्यामुळे नुसता गाडीतून गेलेला माणूसही जाहिरात बघू शकतो. यावरची चाळणी जाहिरातीतच ठेवायची. फोटोवर मोठ्या अक्षरांत लिहा : "अंबरनाथ पूर्व, स्टेशनपासून दहा मिनिटं. अस्तर ब्लाउज 600 रुपये." लांबचा माणूस आणि तीनशेत शिवून मागणारा, दोघेही वाचून पुढे सरकतात. ते पुढे सरकले की त्यांच्याशी चॅट करण्यात तुमचा वेळ जात नाही आणि आकडेही खरे राहतात.

मागायचं काय?

कॅम्पेन सुरू करताना पहिला प्रश्न असतो, तुमचा उद्देश काय? इथे Engagement निवडा आणि पुढे लोकांनी कुठे बोलावं, तिथे WhatsApp. आता सिस्टीम लाइक देणारे न शोधता मेसेज करणारे शोधायला लागते. ती मागितलेलंच आणते, त्यामुळे ही निवड महत्त्वाची.

ही सिस्टीम शिकते निकालांवरून. एका ॲड सेटला आठवड्यात साधारण 50 निकाल मिळाले की तिचा अंदाज स्थिरावतो, असं मेटा सांगतं. दीडशे रुपयांत तेवढे मेसेज मिळतीलच असं नाही. मग स्क्रीनवर Learning limited असं दिसेल. घाबरू नका, जाहिरात बंद पडलेली नसते. पण म्हणूनच दीडशेचे तीन तुकडे करू नका. अंबरनाथला पन्नास, उल्हासनगरला पन्नास, बदलापूरला पन्नास असं केलं, तर तिन्हीकडे शिकणं अर्धवट राहतं. एक ॲड सेट, त्यात दोन फोटो, बस्स. आणि रोज उठून वय बदल, फोटो बदल असं करू नका. प्रत्येक मोठ्या बदलानंतर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. निदान चार दिवस हात बांधून बसा.

शेवटची तारीख मात्र टाकायला विसरू नका. ती नसेल तर जाहिरात चालूच राहते. एखाद्या दिवशी दीडशेऐवजी दोनशे गेलेले दिसले तरी धसका घेऊ नका. सिस्टीम दिवसाचा खर्च वर-खाली करते, आठवड्याचा हिशोब मात्र सात दिवसांच्या बजेटमध्येच ठेवते.

खरा हिशोब

आता आठवडा संपला असं धरू. सात दिवसांचे 1050 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 189, म्हणजे खिशातून गेले 1239. समजा चॅट आले 30. स्क्रीन म्हणेल, एका निकालाला 35 रुपये. छान वाटतं. पण हा आकडा आईच्या कामाचा नाही, आणि त्यात जीएसटीही धरलेला नाही.

वहीत तीन रकाने आखा : कोणी मेसेज केला, कोण राहण्याचं ठिकाण सांगून पुढे बोललं, कोण कापड घेऊन आलं. समजा 30 पैकी 12 जणी पुढे बोलल्या आणि 5 आल्या. मग 1239 भागिले 5, एक गिऱ्हाईक पडलं 248 रुपयांना. ब्लाउजचे 600 घेतले, अस्तर, हुक, दोरा यात 150 गेले, राहिले 450. त्यातून 248 वजा केले की आईच्या हातात 202. पहिल्या ब्लाउजवर मजुरी जेमतेम सुटली. त्याच पाच जणींपैकी दोघी पुन्हा आल्या, तर त्या वेळी जाहिरातीचा खर्च शून्य. म्हणजे पहिला ब्लाउज वेळेवर आणि मापात देणं हासुद्धा कॅम्पेनचाच भाग.

चूक कुठे झाली, हेही वहीच सांगते. चॅट भरपूर पण सगळे डोंबिवली-ठाण्याचे? मग वर्तुळ तपासा. सगळे "रेट काय?" विचारून गायब? दर फोटोवर ठळक लिहिलेला नाही. आधी चॅट येत होते आणि मग आटले? Frequency हा आकडा बघा. तो तीनच्या पुढे गेला असेल, तर त्याच बायकांना तोच फोटो सरासरी तीनदा दिसून झालाय. चार किलोमीटरच्या वर्तुळात असं होणारच. तेव्हा बजेट वाढवून उपयोग नाही, नवा फोटो लावा.

आणि अजून एक. आई दिवसाला दोन ब्लाउज शिवते. जाहिरात छान चालली म्हणून दीडशेचे पाचशे करण्याआधी तिला विचारा, अजून किती घेऊ? तारीख चुकली आणि नवरीचा ब्लाउज हळदीपर्यंत मिळाला नाही, तर ती गोष्ट आख्ख्या सोसायटीत पसरेल, आणि तीही फुकटात.