रविवारच्या कामाचे दोन हिशेब

गेल्या महिन्यात मंडळाच्या वाचनालयात आमच्या एका जुन्या सभासदांचा मुलगा भेटला. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो अकाउंट्स विभागात आहे. मार्चअखेरच्या कामासाठी त्याला तीन रविवार बोलावले होते. "काका, ओव्हरटाइम विचारला तर म्हणाले, त्याऐवजी कॉम्प ऑफ घ्या. आणि आता मोबाईलवरच्या हजेरीच्या ॲपमध्ये तिन्ही कॉम्प ऑफ लॅप्स दाखवतंय!" त्याची पगारपत्रके आणि हजेरीचा उतारा आम्ही मागवून घेतला आणि दांडिया बाजारात एका स्नेह्यांकडे बसून हिशेब मांडला. तो इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की बदली सुटी आणि ओव्हरटाइम ही एकाच देण्याची दोन रूपे नाहीत. कायद्यात ती दोन वेगळी खाती आहेत. एक खाते सुटीच्या दिवसांचे. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम करून घ्यायचे नाही, आणि साप्ताहिक सुटी बुडाली तर तेवढीच बदली सुटी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची. दुसरे खाते तासांचे. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ओलांडले, की वरच्या तासांना दुप्पट दराने पैसे. हे नियम पूर्वी 1948 च्या कारखाने अधिनियमात होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही गाभा हाच आहे. ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती हवी, हेही त्यांत स्पष्ट लिहिले आहे.

मग कॉम्प ऑफ दिला की ओव्हरटाइम द्यावा लागत नाही, ही समजूत कोठून आली? ती एका परिस्थितीत खरी आहे. समजा, मुलगा रविवारी सहा तास गेला आणि त्याच आठवड्यात बुधवारी त्याला सुटी मिळाली. रविवारचे सहा तास आणि उरलेल्या पाच दिवसांचे चाळीस, मिळून शेहेचाळीस. अठ्ठेचाळीसची रेघ ओलांडलीच नाही आणि आठवड्यातला एक दिवस विश्रांतीही मिळाली. येथे मालकाचे देणे काहीच राहत नाही आणि तक्रारीला जागा नाही.

पण आपल्या या मुलाला त्या त्या आठवड्यात सुटी मिळालीच नव्हती. रविवारी सहा तास आणि सोमवार ते शनिवार रोज आठ, म्हणजे आठवड्याचे चोपन्न तास. कायद्यातला आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून धरतात, म्हणून रविवार हा त्याचा पहिला दिवस. तीन आठवडे मिळून अठरा तास जादा झाले. पुढे कधीतरी मे महिन्यात एक दिवस घरी बसल्याने मार्चमधला आठवडा चोपन्न तासांचा होता हे काही पुसले जात नाही. तेव्हा अठरा तासांचे दुप्पट पैसे आणि तीन बदली सुट्या, दोन्ही देणे लागत होते.

आता पैशांचा हिशेब. त्याचा महिन्याचा एकूण पगार 30,000 रुपये. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता 12,000, बाकी 18,000 घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते. नव्या संहितेत वेतन म्हणून मुख्यतः पहिला भाग धरतात. पण बाकीचे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील, तर जास्तीचा भाग वेतनात मिळवायचा. येथे निम्मे म्हणजे 15,000. भत्ते त्याहून 3,000 जास्त, म्हणून वेतन 15,000. त्याला नेहमीच्या पद्धतीने 26 दिवस आणि 8 तासांनी भागले की तासाला सुमारे 72 रुपये, दुप्पट दर सुमारे 144. अठरा तासांचे साधारण 2,600 रुपये झाले. कागदावर मूळ पगार कमी ठेवला की ओव्हरटाइमही कमी पडतो, ही युक्ती आम्ही बँकेत कर्जाच्या अर्जासोबत येणाऱ्या पगारपत्रकांत पुष्कळ पाहिली. या निम्म्याच्या नियमाने तिला थोडा आळा बसतो.

सुट्यांचे काय झाले? मुलाने एप्रिलमध्ये सुटी मागितली तेव्हा ऑडिट चालू होते, मे महिन्यात आणखी काही निघाले. ॲपमध्ये साठ दिवसांची मुदत बसवलेली, ती संपली. पण मार्चमधल्या रविवारांसाठी कायद्याची मुदत 31 मेपर्यंत होती, आणि सुटी देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. मागूनही न मिळालेली सुटी ॲपने रद्द केली म्हणून ती जबाबदारी संपत नाही. सुदैवाने त्याने दोन्ही वेळा ईमेलने मागणी केली होती. तोंडी मागितली असती तर आज हातात काही नसते.

ज्यांना शनिवार-रविवार दोन्ही सुट्या असतात, त्यांचे गणित जरा निराळे. कायदा आठवड्याला एकच सुटी मागतो, शनिवारची सुटी ही कंपनीने आपणहून दिलेली. रोज नऊ तासांप्रमाणे पाच दिवसांचे पंचेचाळीस तास झाले आणि शनिवारी पाच तास बोलावले, तर सुटीचे खाते शाबूत राहते. आठवड्याच्या हिशेबाने जादा तास दोन धरायचे. बाकी तीन तासांचे काय द्यायचे, हे कंपनीच्या नियमांवर.

येथे एक मोठी मर्यादा सांगितली पाहिजे. हे सगळे संहितेतल्या 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. कारकुनी काम त्यात येते. व्यवस्थापक येत नाहीत, आणि देखरेखीचे काम करून महिना 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारेही येत नाहीत. मुलाच्या कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' छापले आहे, म्हणून त्याला वाटले की आपला हक्कच नाही. वाद झाला तर पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात. तो व्हाउचर भरतो, त्याच्या हाताखाली कोणी नाही, रजा मंजूर करण्याचा त्याला अधिकार नाही.

आम्ही स्वतः या रेघेच्या पलीकडे होतो. नोटबंदीनंतर 12 आणि 13 नोव्हेंबर 2016 ला, शनिवार-रविवारी, बँका उघड्या होत्या. लिपिक सहकाऱ्यांच्या जादा तासांची नोंद होत होती. आम्हां अधिकाऱ्यांना ओव्हरटाइम नाही, फक्त बदली सुटी, आणि तीही शाखेचे काम पाहून. आमच्या त्या दोन सुट्यांपैकी एक आम्ही घेतली, दुसरी घ्यायची राहून गेली. लेखी काही नव्हते, मागणार तरी कोणाकडे? अधिकारी वर्गातल्या मुलामुलींनी म्हणून रविवारी जाण्यापूर्वीच वरिष्ठांकडून दोन ओळींचा ईमेल घ्यावा: कोणत्या दिवशी काम, बदली सुटी कधीपर्यंत, आणि घेता आली नाही तर पैसे मिळतील का. नेमणूकपत्र आणि कंपनीचे रजेचे नियम हाच त्यांचा कायदा.

मुलाने तारखा, तास आणि वरचा हिशेब एका पानावर मांडून, आपल्या दोन जुन्या ईमेलसह कार्मिक विभागाला पाठवला. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, म्हणून भांडणाची घाई नव्हती. आठ दिवसांनी उत्तर आले. तीन सुट्या परत जमा झाल्या आहेत, त्यातली एक त्याने घेतलीही. पैशांबद्दल 'तपासून कळवतो' म्हणाले आहेत. पुढचे पगारपत्रक आले की तो आम्हांला दाखवायला आणणार आहे.