स्मरणपत्रातील दटावणी

एका कचेरीतून निघालेले स्मरणपत्र आमच्यापुढे आहे. त्यातला मजकूर असा : "लैंगिक छळ प्रतिबंधक प्रशिक्षण सक्तीचे असून जे कर्मचारी अद्याप हजर राहिलेले नाहीत त्यांची नावे खाली दिली आहेत. ही अखेरची संधी आहे. गैरहजर राहिल्यास कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी." खाली चौदा नावे. त्यांतले कोणी रजेवर होते, कोणी दुसऱ्या पाळीत होते, एकाला पहिले पत्रच पोचले नव्हते. पण 'छळ' हा शब्द आणि नावांची यादी एकाच कागदावर आली, की सूचनाफलकापुढे उभा राहणारा माणूस एवढेच विचारतो : "ह्यांनी केलं तरी काय?"

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. चूक झाली ती कोणाचे कर्तव्य कोणावर आहे ह्या समजुतीत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळासंबंधीचा आपला कायदा २०१३ सालचा. त्याआधी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. ह्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने ठराविक काळाने कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचे कार्यक्रम घेण्याचे बंधन घातले आहे ते मालकावर. त्यात कसूर झाली तर पन्नास हजार रुपयांपर्यंतचा दंडही मालकालाच. कर्मचाऱ्याने हजर राहावे ही मालकाची रास्त आज्ञा आहे. पण आपल्या डोक्यावरची धास्ती त्याच्या माथी मारून पत्र लिहिले, की ते समन्सासारखे वाचले जाते.

ह्यावर काही मंडळी गोडव्याचा उपाय करतात. "शक्य झाल्यास अवश्य यावे, चहाफराळाची सोय आहे." हे आम्हांला दटावणीपेक्षाही वाईट वाटते. यावयाचेच आहे ते 'शक्य झाल्यास' कसे? न आलेल्याला पुढे जाब विचारला, की तो म्हणणार, "तुम्हीच तर ऐच्छिक म्हणालात." सक्ती असेल तर ती एकदाच, साध्या वाक्यात सांगावी, आणि तिच्या शेजारी कारण ठेवावे.

वरचेच पत्र आम्ही असे लिहू : "आपल्या कचेरीतील प्रत्येकासाठी, व्यवस्थापकांसकट, लैंगिक छळ प्रतिबंधाचे दोन तासांचे प्रशिक्षण दरवर्षी होते, ते सर्वांनी पूर्ण करावयाचे आहे. यंदा तुमचे राहिले आहे. पुढील सत्रे मंगळवारी सकाळी १० वाजता व गुरुवारी दुपारी ३ वाजता आहेत. हा वेळ कामाचाच धरला जाईल. तक्रार कोणाकडे व किती मुदतीत करावयाची, आणि कोणी आपल्याला काही सांगितले तर काय करावे, हे तेथे समजेल. दोन्ही वेळा गैरसोयीच्या असल्यास कळवावे."

'व्यवस्थापकांसकट' ह्या एका शब्दाने संशयाचे बोट खाली येते. 'तुमचे राहिले आहे' ह्यात काम राहिल्याचा उल्लेख आहे. 'तुम्ही हजर राहिला नाहीत' ह्यात माणसावर ठपका आहे. मुदतीचा उल्लेखही उगाच नाही : तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी द्यावी लागते, आणि समितीला सबळ कारण पटले तर ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवून देते. हे ठाऊक नसल्याने एखादीची मुदत टळते. ह्या तासाचा असा उपयोग आहे, हे पत्रातच दिसले पाहिजे.

दुसरे स्मरणपत्र एकट्याच्या नावे जावे. फलकावर नाही, सर्वांना एकत्रही नाही. तिसऱ्या वेळी पत्र न लिहिता वरिष्ठाने समक्ष विचारावे, कारण तेथवर अडचण बहुधा पाळीची, भाषेची किंवा रजेची निघते. खरोखरच टाळाटाळ असेल तर सेवानियमांप्रमाणे वेगळे पत्र द्यावे. स्मरणपत्रात ते मिसळू नये. "अलीकडच्या एका प्रकारामुळे" अशी सुरुवात तर कधीच नको. लहान कचेरीत तेवढ्यावरून तक्रारदार ओळखू येते, आणि तिची ओळख उघड करण्यास कायद्याच्या सोळाव्या कलमाने मनाई केली आहे.

पत्र कसे लागले हे येणाऱ्या उत्तरांवरून कळते. "गुरुवारी चालेल का?" असे प्रश्न आले तर ते पोचले. "माझंच नाव का?" असे आले तर ते दटावणी म्हणून वाचले गेले, हजेरी पूर्ण भरली तरीही.

एक ओळ मात्र बहुतेक पत्रांत आढळत नाही. जिने स्वतः हे सोसले आहे तिला भरल्या खोलीत त्याची उदाहरणे ऐकणे जड जाते, आणि तिचे न येणे आळसात मोजले जाते. म्हणून पत्राच्या शेवटी आम्ही एवढे घालू : "गटात बसणे कोणत्याही कारणाने नको असल्यास समितीच्या अध्यक्षांना कळवावे, कारण विचारले जाणार नाही, प्रशिक्षणाची वेगळी सोय केली जाईल." मात्र ही सोय आधी खरोखर करावी, मग ओळ लिहावी.