शिल्लक किती दिवस पुरेल?

किराणा दुकानाच्या साप्ताहिक साठा अहवालात सगळ्यात ठळक रकाना असतो तो एकूण मालाच्या किमतीचा. कर्ज घेताना ती रक्कम उपयोगी पडते, पण आज काय मागवायचे हे ती सांगत नाही. ते सांगणारा आकडा म्हणजे प्रत्येक मालाची शिल्लक किती दिवस पुरेल.

समजा, गेल्या चार आठवड्यांत 112 किलो तूरडाळ विकली गेली, म्हणजे रोज सरासरी 4 किलो. शिल्लक 48 किलो असेल तर ती 12 दिवस पुरेल. घाऊक व्यापाऱ्याकडून माल यायला 4 दिवस लागतात, म्हणून दुकानदार निर्धास्त राहतो आणि इथेच फसतो. पुढचा अहवाल 7 दिवसांनी हाती येईल. तेव्हा मागणी नोंदवली तर माल येईपर्यंत जेमतेम एका दिवसाची डाळ उरेल. म्हणून अहवालाचे 7, माल येण्याचे 4 आणि उशिरासाठी 3 असे 14 दिवस धरावेत. शिल्लक त्याहून कमी दिवसांची असेल, तर मागणी आजच नोंदवायची.

या हिशेबाला दगा देतो तो रिकामा डबा. साबुदाणा आठवड्यात 12 किलो विकला गेला, पण तिसऱ्या दिवशी रात्रीच संपला असेल, तर रोजची विक्री 4 किलो आहे. सातने भागले की ती पावणेदोनच्या आत दिसते, मागणी कमी जाते आणि साबुदाणा पुन्हा संपतो. तेव्हा ‘माल नसलेले दिवस’ हा रकाना हवाच, आणि भागाकारातून ते दिवस वगळायला हवेत. सणांच्या तोंडावर तर गेल्या चार आठवड्यांची सरासरी कामाची नाही. दिवाळीच्या रवा-बेसनासाठी गेल्या दिवाळीआधीचे आठवडे पाहावेत. तेही तिथीने, कारण इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते.

दुसरा आकडा तुटीचा. साखरेची मागची शिल्लक 60 किलो, आवक 50, विक्री 70. म्हणजे 40 किलो उरायला हवी. मोजल्यावर 37 भरली, तर तूट 3 किलोची. सुट्या मालात तोलताना थोडा फरक पडतोच, त्यामुळे एका आठवड्याच्या तुटीवरून कोणावर संशय घेणे अन्यायाचे आहे. तूट सलग तीन-चार आठवडे दिसली, तर मात्र वहीत न चढलेली उधारी, कमी वजनाची पोती आणि उंदीर यांचा तपास करावा. उलट माल जास्त भरला, तर बहुधा खरेदीचे एखादे बिल नोंदवायचे राहिलेले असते. दर आठवड्याला सगळे दुकान मोजणे कोणाला जमत नाही. जास्त खपाचे आणि महाग असे दहाएक जिन्नस पुरतात.

तिसरा आकडा महिनाभर न हललेल्या मालाचा, खरेदी भावाने. त्याच्या शेजारी मुदत संपण्याची तारीख लिहावी. मुदतीला दोन महिने असतील तर परतीची बोलणी करता येतात. आठवडाच उरला असेल, तर बहुधा पडेल त्या भावाला विकावा लागतो.