वीज गेली, वेळ गेली. अर्जात काय लिहावे?

गेल्या आठवड्यात वस्तीतली एक मुलगी चार पानी अर्ज घेऊन आमच्याकडे आली. रविवारी भरतीची लेखी परीक्षा होती. केंद्रावर मधेच वीज गेली, वर शेजारच्या मंगल कार्यालयात बँड. तिला फेरपरीक्षा हवी होती. पण अर्जाची दोन पाने घरच्या परिस्थितीची आणि केंद्र क्रमांक कुठेच नाही! आम्ही स्वतः कारकून. असा अर्ज फाईलला कसा लागतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

आम्ही तिला विचारीत गेलो. वीज किती वाजता गेली?

"काका, अकरा दहाला. आली अकरा पस्तीसला."

त्या वेळात काही लिहिलेस का?

"खिडकीजवळच्या मुलींना दिसत होतं. माझा बाक भिंतीकडे. बाईंकडे वेळ वाढवून मागितला, तर म्हणाल्या, वरून आदेश नाही."

मग अर्ज एका पानात बसला. वर बैठक क्रमांक, केंद्र, खोली. खाली मजकूर असा :

"पेपर 10.30 ते 12.30 होता. 11.10 ते 11.35 वीज नव्हती, जनरेटर नव्हता. माझा बाक खिडकीपासून दूर होता. 11.50 पासून शेवटपर्यंत बाहेर बँड वाजत होता. 100 पैकी 31 प्रश्न राहिले. वेळ वाढवून मागितला, मिळाला नाही. पर्यवेक्षकांचा अहवाल, वीज कंपनीची नोंद व सीसीटीव्ही चित्रण तपासावे, चित्रण जपून ठेवावे आणि बाधित उमेदवारांची फेरपरीक्षा घ्यावी."

गरिबीची पाने आम्ही काढली, तेव्हा तिला वाईट वाटले. पण मंडळाला तपासता येतात ती मिनिटे.

घाई का, तेही सांगतो. 4 मे 2025 रोजी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत वादळी पावसाने इंदूर व उज्जैनच्या काही केंद्रांवर वीज गेली. विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. 30 जूनला एका न्यायमूर्तींनी फेरपरीक्षेचा आदेश दिला. पण 3 जूनला उत्तरतालिका निघाली, त्याआधी ज्यांनी याचिका केली होती त्यांच्यापुरताच. उत्तरे पाहून केलेली तक्रार संशयास्पद ठरते, ती अशी. पुढे 14 जुलैला खंडपीठाने तो आदेशही रद्द केला. त्या केंद्रांवरच्या मुलांची कामगिरी इतरांपेक्षा फारशी कमी नाही, असा तज्ज्ञांचा अहवाल परीक्षा संस्थेने पुढे केला होता. म्हणजे वीज गेली एवढे सिद्ध करून भागत नाही. आपले किती नुकसान झाले, तेही दाखवावे लागते. म्हणून आम्ही भिंतीकडचा बाक आणि 31 प्रश्न मुद्दाम लिहविले.

फेरपरीक्षा मिळेलच असे आम्ही तिला सांगितले नाही. त्याच खोलीतल्या आणखी तिघींनी आपापल्या शब्दांत वेगळे अर्ज लिहिले. एकाच मजकुरावर सह्या घेतल्या असत्या, तर चौघींचे बाक वेगवेगळे आहेत हे दिसलेच नसते. बुधवारी चौघी मंडळाच्या कार्यालयात गेल्या. आवक लिपिक शिक्का देईना. दुसरी प्रत पुढे करून त्या तिथेच उभ्या राहिल्या. अखेर आवक क्रमांक मिळाला. तो आता आमच्या वहीत आहे.