कच्ची मूर्ती, भाजलेला माठ

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या बाजारात गणपती घेणारे कुंभाराला हमखास दोन गोष्टी ऐकवतात: माती तर फुकटची, आणि दोन महिने राबलं की वर्षाची सोय. दोन्ही खोट्या आहेत.

“कुठलीही माती चालते.” या भागातली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. नुसत्या तिचीच मूर्ती केली तर सोंड आणि कान जिथे जोडलेले असतात तिथेच ती तडकते. म्हणून तळ्याचा बारीक गाळ भिजवून, चाळून तिच्यात मिसळतात आणि धरून ठेवायला कागदाचा लगदा किंवा कापसाचे तंतू घालतात. मिश्रण जमलं का, हे साच्यात भरण्याआधीच कळतं. ओल्या मातीची पट्टी करून तिच्यावर दहा सेंटिमीटरच्या खुणा करायच्या आणि ती सावलीत वाळवायची. खुणांमधलं अंतर नऊवर आलं, तर माती दहा टक्के आकसली. तिच्यात बारीक वाळू घालायला हवी. मूर्तीही सावलीतच वाळवतात. वरून कोरडी दिसणारी मूर्ती गालाला लावल्यावर गार लागली, तर आत ओल आहे. तिच्यावर रंग दिला तर पुढे पोपडे सुटतात.

“भाजलेली मूर्ती टिकाऊ, म्हणून जास्त चांगली.” पूजेनंतर जी पाण्यात विरायची आहे, तिच्यासाठी हे उलटं आहे. कच्ची माती पाण्यात सुटते, पण आव्यात सहाशे अंशांच्या वर तापली की तिची घडणच बदलते आणि ती पुन्हा चिखल होत नाही. पीओपीच्या मूर्तीचंही तसंच. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी लागताच तो परत दगडासारखा घट्ट होतो आणि साठलेल्या पाण्यात महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला मनाई केली ती यामुळेच. घेताना शंका आली तर त्याच मूर्तिकाराकडचा फुटका तुकडा पाण्यात टाकून बघा. मातीचा तुकडा थोड्याच वेळात ढासळू लागतो. मात्र मातीच्या मूर्तीवर ऑइलपेंट फासला असेल तर पाणी आत शिरत नाही, आणि तो रंग पाण्यात जातो तो वेगळाच. विसर्जन घरी बादलीत केलं आणि रंग साधा असला, तर खाली बसलेला गाळ पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतो.

कुंभाराचं वर्षही या कच्च्या-भाजल्या भेदावरच उभं आहे. पावसाळ्यात आवा लावणं अवघड, तेव्हा कच्चं काम. उघडीप झाली की भाजकं काम.

“गणपती झाले की काम संपलं.” सीमेवरच्या कुंभाराला दोन भाषांचे सण मिळतात, आणि मला हीच त्याची खरी पुंजी वाटते. कन्नड घरांत ज्येष्ठ अमावास्येला, मण्णेत्तिन अमावास्येला, मातीचे बैल पुजतात. मराठी घरांत ते श्रावणातल्या पोळ्याला लागतात. म्हणजे एकाच साच्याला दोन महिन्यांच्या अंतराने दोन गिऱ्हाइकं. पोळ्यानंतर चारच दिवसांनी चतुर्थी येते, त्यामुळे बैल आधीच करून ठेवावे लागतात. पुढे नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, येळवसेला आंबिलाचं बिंदगं, संक्रांतीची सुगडी, आणि होळीनंतर माठ-रांजण. पंचाईत होते ती चैत्र-वैशाखात. सावलीत मूर्ती वाळवायला तीच कोरडी हवा उत्तम असते, आणि माठाची मागणीही तेव्हाच. ज्या घरात एकजण चाकावर बसतो आणि बाकीचे साचे भरतात, तिथे दोन्ही निभतं. एकट्याने माठ सोडू नयेत, कारण त्यांचे पैसे त्याच आठवड्यात हाती येतात.

“मूर्तीची कमाई बारा महिन्यांत वाटून घ्यावी.” चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे, १४ सप्टेंबरला. मधले दिवस ३८३. अशा वर्षी तेरा वाटे करावे लागतात. समजा, मूर्तींतून खर्च वजा जाता साठ हजार उरले. त्यातले पंधरा हजार पुढच्या हंगामाच्या माती-रंगासाठी आधी बाजूला काढायचे. उरलेल्या पंचेचाळीस हजारांचे तेरा वाटे केले, की महिन्याला सुमारे ३,४६० रुपये येतात.

हाच आकडा कर्ज घेताना समोर असावा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार आणि मूर्तिकार दोघेही येतात. पाच टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, अठरा महिन्यांत फेडायचं. व्याज कमी आहे हे खरं, पण समान मासिक हप्ते धरले तर पूर्ण लाखाचा हप्ता सुमारे ५,८०० रुपये पडतो. मूर्तीच्या वाट्यातून तो निघत नाही. माठ, पणत्या, सुगडी यांच्या विक्रीतून दर महिन्याला किती उरतं ते वर्षभर वहीत लिहावं, आणि कर्जाची रक्कम त्यातल्या सर्वांत मंद महिन्याला झेपेल एवढीच मागावी.